गुणयादीपासून प्रगतिपत्रकापर्यंत

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेले नगर आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 मध्ये झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि 1959 मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या वस्तीसाठी क्रमांक दिलेले सेक्टर आखले गेले. सेक्टर 10 हा त्यांपैकीच एक. 1956 पर्यंत हा प्रदेश ज्या राज्यात होता, त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भाशी त्याचे नाते जुने आहे. अशा नगरात एका वर्गात तेलुगू, बंगाली, मराठी, हिंदी अशा अनेक भाषा घरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. वर्षाच्या शेवटी मात्र त्या सर्वांच्या घरी एकाच नमुन्याचा एक कागद जातो. तो कागद म्हणजे प्रगतिपत्रक.

प्रगतिपत्रक तयार होण्यापूर्वी शाळेत गुणयादी तयार झालेली असते. दोन्हींतील आकडे एकच असतात. परंतु त्यांचा वाचक वेगळा असतो. गुणयादी शिक्षक वाचतात आणि तिच्यात संपूर्ण वर्ग दिसतो. प्रगतिपत्रक पालक वाचतात आणि त्यात एकच विद्यार्थी दिसतो. गुणयादीतील संक्षेप, अर्धे गुण व रिकाम्या जागा यांचा अर्थ शिक्षकांना ठाऊक असतो. पालकांजवळ मात्र तो कागद एवढाच आधार असतो. म्हणून एका नमुन्यातून दुसऱ्या नमुन्यात आकडे नेताना ते जसेच्या तसे उतरवून भागत नाही. अर्धा गुण, कोरी जागा आणि हजेरीचे दिवस या तीन ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर विद्यार्थ्याविषयी चुकीची माहिती घरी पोहोचते. हे कसे घडते, ते सेक्टर 10 मधील इयत्ता नववीच्या एका काल्पनिक वर्गाचे उदाहरण घेऊन पाहू.

1. आडवी ओळ उभी करणे

या वर्गात 40 विद्यार्थी आहेत, असे समजू. प्रत्येक विषयाला 100 गुण असून त्यांपैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि 80 गुण वार्षिक परीक्षेचे आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत नववीला हीच विभागणी असते. वर्गशिक्षिकेने संगणकावर, एक्सेलमध्ये, गुणयादी तयार केली आहे. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक आडवी ओळ दिलेली आहे. पहिल्या स्तंभात हजेरी क्रमांक, दुसऱ्यात नाव आणि त्यानंतर प्रत्येक विषयाचे दोन दोन स्तंभ आहेत: आधी अंतर्गत, मग वार्षिक. शेवटच्या दोन स्तंभांत उपस्थित दिवस व शाळेच्या कामाचे एकूण दिवस आहेत.

हजेरी क्रमांक 14 च्या विद्यार्थिनीची ओळ अशी आहे:

17, 61, 15.5, 47, 13.5, 27, 16, 56, 18, 63, 187, 214

ही ओळ पालकांच्या हाती दिली तर त्यांना काहीही बोध होणार नाही. 13.5 हा आकडा कोणत्या विषयाचा आणि किती गुणांपैकी, हे समजण्यासाठी वर पाहावे लागते आणि स्तंभाचे शीर्षक शोधावे लागते. प्रगतिपत्रकात हीच ओळ उभी होते. विषय एकाखाली एक येतात, म्हणजे प्रत्येक विषयाला स्वतंत्र ओळ मिळते. आणि त्या ओळीत डावीकडून उजवीकडे अंतर्गत गुण, वार्षिक गुण, बेरीज आणि श्रेणी हा क्रम येतो. वाचणाऱ्याची नजर विषयाच्या नावापासून निघते आणि श्रेणीपाशी थांबते.

| विषय | अंतर्गत (20) | वार्षिक (80) | एकूण (100) | श्रेणी |
|---|---|---|---|---|
| हिंदी | 17 | 61 | 78 | बी-1 |
| इंग्रजी | 15.5 | 47 | 63 | बी-2 |
| गणित | 13.5 | 27 | 41 | सी-2 |
| विज्ञान | 16 | 56 | 72 | बी-1 |
| सामाजिक विज्ञान | 18 | 63 | 81 | ए-2 |

चाळीस विद्यार्थ्यांचे आकडे हाताने उतरवणे शक्य आहे. पण त्यात एका ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीत जाण्याचा धोका असतो. म्हणून एक्सेलमध्ये गुणयादीचे पान, श्रेणीच्या तक्त्याचे पान आणि प्रगतिपत्रकाचे पान अशी तीन पाने ठेवतात. त्यांची नावे येथे अनुक्रमे `Marks`, `Grades` आणि `Card` अशी धरली आहेत. प्रगतिपत्रकाच्या `B2` या चौकटीत हजेरी क्रमांक लिहिला की त्या विद्यार्थ्याचे गुण आपोआप योग्य जागी यावेत, अशी सूत्रे लिहितात. गणिताची ओळ सातवी असल्यास तिच्यातील अंतर्गत व वार्षिक गुणांची सूत्रे अशी होतील:

```
=VLOOKUP($B$2,Marks!$A$2:$N$41,7,FALSE)
=VLOOKUP($B$2,Marks!$A$2:$N$41,8,FALSE)
```

या सूत्राचा अर्थ साध्या शब्दांत असा: `B2` मधील क्रमांक गुणयादीच्या पहिल्या स्तंभात शोधावा आणि तो सापडलेल्या ओळीतील सातव्या, किंवा आठव्या, स्तंभातील आकडा येथे आणावा. शेवटचा `FALSE` हा शब्द गाळू नये. त्याचा अर्थ 'क्रमांक तंतोतंत जुळला तरच घ्यावा' असा आहे. तो गाळला तर संगणक यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरतो. हजेरी क्रमांकानुसार लावलेल्या यादीत हा दोष दिसत नाही. परंतु गुणानुक्रम पाहण्यासाठी कोणी यादीचा क्रम बदलला, तर एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकावर दुसऱ्याचे गुण येऊ शकतात आणि संगणक कसलीही सूचना देत नाही. ही चूक ओळखण्याचा मार्ग एकच: पहिला, शेवटचा आणि मधला एक अशी तीन प्रगतिपत्रके काढून ती मूळ उत्तरपत्रिकांवरील गुणांशी ताडून पाहणे.

2. अर्ध्या गुणाचा प्रश्न

वरील तक्त्यातील गणिताची ओळ पुन्हा पाहावी. अंतर्गत 13.5 आणि वार्षिक 27 यांची बेरीज 40.5 होते, तक्त्यात मात्र 41 लिहिले आहे. हा बदल का करावा लागतो, हे श्रेणींचा तक्ता पाहिल्यावर कळते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 मध्ये नववीसाठी दिलेल्या नमुन्यात पुढील आठ श्रेणी आहेत:

| गुण | श्रेणी |
|---|---|
| 91 ते 100 | ए-1 |
| 81 ते 90 | ए-2 |
| 71 ते 80 | बी-1 |
| 61 ते 70 | बी-2 |
| 51 ते 60 | सी-1 |
| 41 ते 50 | सी-2 |
| 33 ते 40 | डी |
| 32 व त्याखाली | ई |

हा तक्ता पूर्ण अंकांत आहे. डी ही श्रेणी 40 वर संपते आणि सी-2 ही 41 पासून सुरू होते. 40.5 ला त्यात जागाच नाही. म्हणून बेरीज आधी जवळच्या पूर्ण अंकात आणावी लागते आणि त्यानंतरच श्रेणी द्यावी लागते. अर्धा गुण वरच्या अंकात धरण्याचा नियम असेल तर 40.5 चे 41 होतात आणि विद्यार्थिनीला सी-2 मिळते.

येथे संगणकावर हमखास होणारी एक चूक समजून घेणे आवश्यक आहे. एक्सेलमध्ये चौकटीतील आकडा दशांशाशिवाय दाखवण्याची सोय आहे. ती वापरल्यास 40.5 च्या जागी 41 दिसू लागतात. परंतु तो केवळ दिसण्यातील बदल असतो. चौकटीच्या आत 40.5 हाच आकडा राहतो आणि श्रेणीचे सूत्र तोच आकडा वाचते. परिणामी प्रगतिपत्रकावर 41 गुण आणि त्यांच्याशेजारी डी ही श्रेणी छापली जाते. पालक खाली दिलेला श्रेणींचा तक्ता पाहतात, तर तेथे 41 ला सी-2 लिहिलेले असते. एकाच कागदावरील दोन गोष्टी परस्परविरोधी ठरतात. ही चूक टाळण्यासाठी आकडा खरोखरच पूर्ण अंकात आणणारे सूत्र वापरावे:

```
=ROUND(B7+C7,0)
=VLOOKUP(D7,Grades!$A$2:$B$9,2,TRUE)
```

पहिले सूत्र बेरीज पूर्ण अंकात आणते. ती `D7` या चौकटीत ठेवली आहे. दुसरे सूत्र त्या बेरजेवरून श्रेणी शोधते. त्याच्या शेवटी या वेळी `TRUE` आहे, कारण येथे आकडा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नसते. 78 हा आकडा तक्त्यात नाही. म्हणून 78 पेक्षा लहान असणाऱ्या आकड्यांपैकी सर्वांत मोठा, म्हणजे 71, शोधून त्याच्यासमोरची श्रेणी घ्यायची असते. त्यासाठी `Grades` या पानावर प्रत्येक श्रेणीची केवळ खालची मर्यादा लिहावी आणि ती चढत्या क्रमाने लिहावी: 0, 33, 41, 51, 61, 71, 81, 91. छापील तक्ता वरून खाली उतरत्या क्रमाने असतो. तो तसाच उतरवला तर हे सूत्र चुकीचे उत्तर देते.

पूर्ण अंकात आणण्याची क्रिया एकदाच आणि बेरजेवरच करावी. समजा, एखाद्याला अंतर्गत 13.5 आणि वार्षिक 27.5 गुण आहेत. त्यांची बेरीज बरोबर 41 होते. परंतु दोन्ही आकडे आधी पूर्ण केले तर 14 आणि 28 मिळून 42 होतात. एक गुण कोठूनही न येता वाढतो.

एकूण बेरजेचेही तसेच आहे. आपल्या विद्यार्थिनीचे मूळ गुण मिळवले तर 334 होतात. पूर्ण केलेले गुण मिळवले तर 335 होतात. प्रगतिपत्रकावर पूर्ण केलेले गुण छापले जातात आणि घरी कोणीतरी ते नक्कीच मिळवून पाहते. म्हणून छापलेल्या आकड्यांचीच बेरीज द्यावी: 500 पैकी 335, म्हणजे 67 टक्के. कोणता नियम पाळला, हे शाळेने आधी ठरवावे आणि तो सर्व वर्गांना सारखाच लावावा.

3. शून्य आणि अनुपस्थिती

एखादा विद्यार्थी आजारपणामुळे गणिताच्या वार्षिक परीक्षेस बसू शकला नाही, तर गुणयादीत बहुधा ती जागा कोरी राहते. शिक्षकांना त्या कोऱ्या जागेचा अर्थ माहीत असतो. संगणकाला तो माहीत नसतो. वर दिलेले शोधसूत्र कोरी जागा वाचून 0 हा आकडा आणते. मग 13.5 आणि 0 यांची बेरीज 14 होते आणि श्रेणी ई होते. रुग्णालयात असलेला विद्यार्थी कागदावर अनुत्तीर्ण ठरतो. शून्य म्हणजे परीक्षा दिली आणि एकही गुण मिळाला नाही. अनुपस्थिती म्हणजे परीक्षाच दिली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या प्रगतिपत्रकावर वेगळ्याच दिसल्या पाहिजेत.

याचा उपाय गुणयादीतच करावा लागतो. तेथे जागा कोरी न ठेवता 'अनु.' असे लिहावे. असे लिहिल्यावर बेरजेचे सूत्र अक्षरांची बेरीज करू शकत नाही आणि चौकटीत `#VALUE!` असा संदेश येतो. म्हणून सूत्रात थोडा बदल करतात:

```
=IF(COUNT(B7:C7)<2,"अनु.",ROUND(B7+C7,0))
=IF(ISNUMBER(D7),VLOOKUP(D7,Grades!$A$2:$B$9,2,TRUE),"-")
```

पहिले सूत्र दोन्ही जागी आकडे आहेत का, हे मोजते. नसतील तर बेरजेच्या जागी 'अनु.' लिहिते. दुसरे सूत्र बेरीज आकडा असेल तरच श्रेणी देते. नसेल तर आडवी रेघ देते.

यानंतर टक्केवारीचा प्रश्न उरतो. आपल्या विद्यार्थिनीने गणिताची परीक्षा दिलीच नसती, तर उरलेल्या चार विषयांची बेरीज 294 झाली असती. ही बेरीज 500 पैकी धरली तर 58.8 टक्के होतात आणि 400 पैकी धरली तर 73.5 टक्के होतात. संगणक अक्षरे सोडून देऊन चार विषयांची बेरीज निमूटपणे करतो; परंतु खाली 500 हा आकडा आधीच लिहून ठेवला असेल तर तो बदलत नाही. अशा वेळी कोणता आकडा घ्यावा, हे सूत्राने ठरवायचे नसून शाळेच्या नियमाने ठरवायचे असते. पुनर्परीक्षा होणार असेल तर टक्केवारी छापूच नये. त्या जागी 'पुनर्परीक्षेनंतर' असे लिहावे.

4. हजेरीचा गोषवारा

हजेरीपटात प्रत्येक दिवसाची नोंद असते. प्रगतिपत्रकात तिचा गोषवारा तीन आकड्यांत येतो: कामाचे दिवस, उपस्थित दिवस आणि टक्केवारी. आपली विद्यार्थिनी 214 दिवसांपैकी 187 दिवस उपस्थित होती. 187 ला 214 ने भागून 100 ने गुणले की 87.4 टक्के मिळतात. येथवर अडचण नाही.

अडचण येते ती वर्षाच्या मध्यावर दाखल झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत. कारखान्याच्या नगरात बदलीमुळे येणारी-जाणारी कुटुंबे नेहमीच असतात. समजा, एक मुलगा नागपूरहून आला आणि तो दाखल होईपर्यंत शाळेचे 38 दिवस होऊन गेले होते. त्यानंतरच्या 176 दिवसांपैकी तो 158 दिवस उपस्थित राहिला. त्याची खरी उपस्थिती 89.8 टक्के आहे. परंतु संपूर्ण वर्गासाठी 214 हा एकच आकडा लिहिला असेल तर त्याच्या प्रगतिपत्रकावर 73.8 टक्के छापले जातील. या मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेस बसण्यासाठी 75 टक्के उपस्थितीची अट असते, हे पालकांना माहीत असते. नियमित येणारा मुलगा त्या अटीखाली गेल्याचे पाहून त्यांच्या मनात भलतीच शंका निर्माण होईल.

म्हणूनच गुणयादीत कामाच्या दिवसांचा स्तंभ प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र ठेवला आहे. दाखल होण्याच्या दिवसापासून पुढचे दिवस त्यात मोजावेत. आधीच्या शाळेच्या दाखल्यावर तेथील कामाचे व उपस्थितीचे दिवस लिहिलेले असतील तर ते दोन्ही आकडे मिळवावेत. दोन शाळांच्या टक्केवारींची सरासरी काढू नये. कारण 38 दिवसांची टक्केवारी आणि 176 दिवसांची टक्केवारी यांचे वजन सारखे नसते. प्रगतिपत्रकावर 'प्रवेश दिनांकापासून' एवढे दोन शब्द लिहिले की वाचणाऱ्याला आकड्याचा आधार कळतो.

5. शेरा

शेऱ्याच्या जागेत 'समाधानकारक', 'चांगले', 'अधिक प्रयत्न आवश्यक' असे शब्द वारंवार आढळतात. हे शब्द श्रेणीला जोडून संगणकाकडूनही लिहून घेता येतात. परंतु सी-2 या श्रेणीपुढे 'अधिक प्रयत्न आवश्यक' असे लिहिल्याने वाचणाऱ्याला नवे काहीच समजत नाही. श्रेणीनेच ते सांगितलेले असते. श्रेणी किती हे सांगते. शेऱ्याने का आणि कोठे हे सांगावे.

त्यासाठी प्रथम आकड्यांकडेच पाहावे. आपल्या विद्यार्थिनीला गणितात अंतर्गत मूल्यमापनात 20 पैकी 13.5 गुण आहेत, म्हणजे 67.5 टक्के. वार्षिक परीक्षेत 80 पैकी 27, म्हणजे सुमारे 34 टक्के. ही दोन टक्केवारींतील तफावत एकूण 41 या आकड्यात लपून जाते. ती वर्गात काम करते. परंतु तीन तासांच्या परीक्षेत मागे पडते. याचे कारण उत्तरपत्रिका उघडल्यावाचून कळत नाही. समजा, उत्तरपत्रिकेत भूमितीचे प्रश्न सोडून दिलेले आढळले आणि बीजगणिताची उदाहरणे बरोबर सोडवलेली आढळली. मग शेरा असा लिहिता येईल: 'वर्गातील काम नियमित. बीजगणित चांगले. परीक्षेत भूमितीचे प्रश्न सोडले. प्रमेये व रचनांचा सराव आवश्यक.' हा शेरा दोन ओळींत मावतो आणि सुटीत कोणते काम करावे, हे सांगतो.

महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात अशा शेऱ्यांना वर्णनात्मक नोंदी असे नाव मिळाले. त्या पद्धतीच्या प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक अशा वेगवेगळ्या जागा केल्या गेल्या. जागा वेगळ्या केल्यामुळे केवळ उणीव लिहून थांबता येत नाही, हा या मांडणीचा लाभ होय.

6. श्रेणीचा अर्थ तळाशी लिहावा

प्रगतिपत्रकाच्या तळाशी श्रेणींचा तक्ता छापण्याची पद्धत आहे. तो केवळ शोभेसाठी नसतो. एकाच अक्षराचा अर्थ वेगवेगळ्या कागदांवर वेगळा असू शकतो. महाराष्ट्राच्या 2010 च्या तक्त्यात 33 गुणांपर्यंतच्या मर्यादा वरीलप्रमाणेच होत्या. परंतु त्याखाली 21 ते 32 ला इ-1 आणि 20 व त्याखाली इ-2 अशा दोन श्रेणी होत्या.

त्याहून महत्त्वाचा भेद केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रकात आढळतो. तेथील श्रेणी ठरावीक गुणांवरून दिली जात नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सर्व विद्यार्थ्यांना गुणानुक्रमे लावून त्यांचे आठ समान भाग केले जातात आणि सर्वांत वरच्या भागाला ए-1 दिली जाते. त्यामुळे नववीला 91 गुणांना ए-1 मिळालेल्या विद्यार्थ्याला दहावीला तितक्याच गुणांना ए-2 किंवा बी-1 मिळू शकते. यात त्याची घसरण झालेली असतेच असे नाही. मोजण्याची पट्टीच बदललेली असते. नववीच्या प्रगतिपत्रकाच्या तळाशी तक्ता असेल तर पालकांना ही तुलना सावधपणे करता येते.

शेवटी एक दक्षता घ्यावी. वरील पद्धतीत `B2` मधील क्रमांक बदलला की संपूर्ण प्रगतिपत्रक बदलते आणि गुणयादीतील एखादा आकडा दुरुस्त केला तर आधीच्या प्रगतिपत्रकाचाही मजकूर बदलतो. म्हणून जे प्रगतिपत्रक घरी पाठवले, त्याची छापील प्रत स्वाक्षरीसह शाळेत जपून ठेवावी. पुढे दुरुस्ती झाली तर नवी प्रत काढून तिच्यावर दुरुस्तीचा दिनांक लिहावा.

स्वाध्याय

1. गुणयादी आणि प्रगतिपत्रक यांच्या मांडणीतील फरक वाचकाच्या दृष्टीने स्पष्ट करा.
2. एका विद्यार्थ्याला विज्ञानात अंतर्गत 14.5 आणि वार्षिक 46 गुण मिळाले. त्याचे एकूण गुण पूर्ण अंकात लिहा व श्रेणी सांगा. एकूण गुण पूर्ण अंकात न आणता श्रेणी शोधली तर कोणती श्रेणी मिळेल?
3. एका प्रगतिपत्रकावर 'एकूण 71, श्रेणी बी-2' असे छापले आहे. ही विसंगती कशामुळे आली असावी?
4. एक विद्यार्थिनी 52 दिवस उशिरा दाखल झाली. शाळेचे कामाचे दिवस 212 होते आणि ती 144 दिवस उपस्थित राहिली. तिच्या उपस्थितीची टक्केवारी काढा.
5. भाषा विषयात अंतर्गत 20 पैकी 9 आणि वार्षिक 80 पैकी 62 गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शेरा लिहिण्यापूर्वी कोणती माहिती मिळवावी लागेल? ती मिळाल्यावर दोन ओळींत बसेल असा शेरा लिहा.